बारा अंकी साधा कॅल्क्युलेटर: सात महिने कर्जफेडीचे तक्ते केल्यानंतर

नवी पेठेतून साडेचारशेला घेतला. एम.कॉम.च्या सरावासाठी रोज वापरते. काल त्याचं = बटण पुन्हा अडकलं, म्हणून लिहायला बसले.

आधीचे दोन महिने मी त्याला उगाच दोष दिला. प्रश्न नेहमीचाच: 1,00,000 कर्ज, द.सा.द.शे. 12, चार समान वार्षिक हप्ते. पुस्तकातला फॅक्टर 3.037, त्याने कर्जाला भागलं की हप्ता 32,927. पहिल्या वर्षाचं व्याज 12,000, उरलेले 20,927 मुद्दलात गेले, शिल्लक 79,073. पुढचं व्याज या शिलकीवर, म्हणजे 9,489. असं करत तिसऱ्या वर्षाअखेर 29,384 राहतात. चौथ्या वर्षाचं व्याज 3,526 हप्त्यातून वजा केलं की मुद्दल येतं 29,401. घेतल्यापेक्षा 17 रुपये जास्त फेडले! मला वाटलं, हा कॅल्क्युलेटर आकडे खातो.

मग प्रत्येक = चं उत्तर बेरजेत धरणारं GT बटण वापरायला शिकले आणि मत बदललं.

```
1 ÷ 1.12 = = = = GT
```

फॅक्टर आला 3.037349347, हप्ता 32,923.44. पैशांपर्यंत तक्ता केला तर शेवटी फक्त दोन पैसे उरले. ते 17 रुपये तीनच दशांश छापलेल्या फॅक्टरचे होते. पण प्रश्नातच 3.037 दिला असेल तर तोच घ्यायचा. शेवटच्या वर्षी व्याज काढत बसायचं नाही. शिल्लक 29,384 हेच मुद्दल लिहायचं आणि हप्त्यातून वजा करून उरलेले 3,543 व्याजात. मुद्दलाच्या रकान्याची बेरीज बरोबर 1,00,000 होते.

या GTसाठी मी त्याला पाच तारे दिले असते. पण पाचव्या महिन्यापासून = कधीकधी एकदा दाबलं तरी दोनदा लागतं. चारऐवजी पाच वर्षांचा फॅक्टर येतो, 3.605, आणि हप्ता 27,741. पहिली तिन्ही वर्षं तक्ता अगदी शहाण्यासारखा चालतो, व्याज घटतं, मुद्दल वाढतं, काही संशय येत नाही. शेवटी सुमारे 24,769 फिटायचे राहतात! परीक्षेत हे आठ गुणांच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत कळलं तर काय करायचं?

दुकानात घेऊन गेले. "ताई, बटणाला वॉरंटी नसते," म्हणाले, आणि दुरुस्तीचे दीडशे मागितले. साडेचारशेच्या वस्तूला दीडशे मी देणार नाही.

आता GT दाबण्याआधी पडद्यावरचा आकडा बघते. चार वर्षांना 0.6355 हवा, त्याला चारदा 1.12 ने गुणलं की 1 येतो. 0.5674 दिसला तर = एकदा जास्त लागलंय, सगळं पुसून पुन्हा. पाच सेकंद जातात. तीन तारे, तेही GTमुळे. घेणार असाल तर दुकानातच = पन्नासेक वेळा दाबून बघा.