सरळ चढ की मध्ये उतार?

ठाण्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका मुलीला नेत्रदानावर दहा मिनिटं बोलायचंय. वडिलांचं नेत्रदान घरच्यांनीच केलंय. सगळ्यात भिडणारा क्षण एकच: वडील गेले त्या रात्री आईने उठून पंखा बंद केला.

तो क्षण भाषणात कुठे आणायचा आणि तिथवर भावना कशी न्यायची, याचे दोन पर्याय. पहिला सरळ चढाचा. आजारपण, हॉस्पिटल, रडारड, दर मिनिटाला भावना वाढत जाते. अडचण अशी की पाचव्या मिनिटालाच लोकांचे डोळे भरतात आणि आठव्यापर्यंत मन थकतं. बोलणारी आवाज चढवते, समोरचे मात्र खाली बघू लागतात. तीन मिनिटांच्या श्रद्धांजलीला हा चढ चालतो, दहा मिनिटांना नाही.

दुसऱ्या पर्यायात पाच मिनिटं वडील आणि त्यांचं आजारपण, मग मुद्दाम उतार. सहाव्या-सातव्या मिनिटात साध्या आवाजात माहिती: डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, चष्मा असला तरी चालतं, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून पंखा बंद करायचा. श्रोते सावरतात. आठव्या मिनिटाला ती रात्र. आई उठते, पंखा बंद करते. का, ते हॉलमधल्या प्रत्येकाला आता ठाऊक असतं, म्हणून तिथे एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. तीन-चार सेकंद थांबायचं, मग नेत्रपेढीचा नंबर सांगून खाली बसायचं.

माझं मत दुसऱ्याला. फक्त उतार दोन मिनिटांपेक्षा लांबवू नये, नाहीतर वडील विसरले जातात आणि उरतं ते माहितीपत्रक.