दर मिनिटाला विचारावे की हाकेची वाट पाहावी? लोकेशन पाठवणाऱ्या अ‍ॅपसाठी दोन मांडण्यांची तुलना

बाहेर फिरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अँड्रॉइड अ‍ॅपकडून साधारणपणे दोन अपेक्षा असतात: सर्व्हरवर नोंदवलेले नवे काम फोनवर लवकर दिसावे आणि फोनचे लोकेशन सर्व्हरपर्यंत पोहोचत राहावे. हे दोन मांडण्यांनी साधता येते. पहिल्या मांडणीत फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे स्क्रीनवर सूचना ठेवून चालणारा अ‍ॅपचा भाग, सतत चालू असते. ती दर मिनिटाला सर्व्हरला ‘नवे काही आहे का’ असे विचारते आणि दर 30 सेकंदांनी लोकेशन पाठवते. दुसऱ्या मांडणीत नवे काम आल्याची सूचना सर्व्हरच पुश संदेशाने देतो आणि लोकेशन साठवून काही मिनिटांनी एकत्र पाठवले जाते. मी एकाच अ‍ॅपमध्ये आधी पहिली आणि नंतर दुसरी मांडणी चालवली आहे, त्यामुळे पुढील मते त्या अनुभवावर बेतलेली आहेत.

पहिल्या मांडणीचे गुण नाकारता येत नाहीत. ती लिहायला सोपी आहे, तिच्यातील चूक सर्व्हरच्या लॉगमध्ये लगेच दिसते आणि ती बाहेरच्या कोणत्याही पुश सेवेवर अवलंबून नसते. आमच्या सर्व्हरचे उत्तर बहुतेक वेळा रिकामे, अगदी काही बाइटांचे असे. त्यामुळे इतक्या लहान विचारणेने बॅटरीचे फारसे बिघडणार नाही, अशी माझीही समजूत होती.

ती समजूत चुकीची ठरली, कारण मोबाइल नेटवर्कवरचा खर्च बाइटांपेक्षा रेडिओ किती वेळ जागा राहतो यावर ठरतो. डेटा पाठवून झाला तरी रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही काळ जास्त वीज घेत थांबतो. या मागे उरणाऱ्या काळाला टेल म्हणतात. 4जी नेटवर्कवर तो साधारण 10 सेकंदांचा धरता येतो, मात्र नेटवर्कच्या मांडणीनुसार त्यात फरक पडतो. आता आठ तासांच्या पाळीचा हिशेब करू. मिनिटाला एक म्हणजे 480 विचारणा. प्रत्येकीमागे 10 सेकंद धरले तर 80 मिनिटे होतात. दर 30 सेकंदांनी लोकेशन म्हणजे 960 वेळा पाठवणे, त्याची 160 मिनिटे. हे दोन टायमर एकमेकांशी जुळलेले नसतील, तर रेडिओ आठपैकी चार तास जागा राहतो आणि त्यातील बहुतेक विचारणांना उत्तर ‘काही नाही’ असेच मिळते.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर फोनवरील जुन्या नोंदी पुसाव्यात, फोन केबलवरून काढून नेहमीसारखा वापरावा आणि मग अहवाल काढावा:

```
adb shell dumpsys batterystats --reset
adb bugreport report.zip
```

हा अहवाल बॅटरीचा वापर आलेखात दाखवणाऱ्या बॅटरी हिस्टोरियन या साधनात उघडला, तेव्हा मोबाइल रेडिओच्या ओळीत मला सुट्या रेघांऐवजी जवळपास सलग पट्टा दिसला. एक काळजी मात्र घ्यावी: फोन केबलला लावून चाचणी केली, तर तो चार्ज होत असतो आणि डोझमध्ये, म्हणजे वापर नसताना अँड्रॉइड फोनला लावते त्या झोपेच्या अवस्थेत, जात नाही. त्यामुळे टेबलावर सगळे सुरळीत वाटते आणि खिशातल्या फोनवर वेगळेच घडते.

असे असले तरी माझा निर्णय बॅटरीच्या पट्ट्याने झाला नाही. तो झाला वेकलॉकच्या, म्हणजे प्रोसेसरला झोपू न देण्याच्या मागणीच्या, त्रासाने. स्क्रीन बंद होऊन प्रोसेसर झोपला की `Handler` वर बसवलेला मिनिटाचा टायमरही थांबतो. कर्मचारी फोन टेबलावर ठेवून वाट पाहत बसे आणि नवे काम त्याला कितीतरी मिनिटे उशिरा, बहुधा फोन उचलल्यावरच दिसे. म्हणून आम्ही पार्शल वेकलॉक घेतला. काम वेळेवर दिसू लागले, पण आता प्रोसेसर दिवसभर जागा राहिला, फोन खिशात कोमट लागू लागला आणि दुपारीच चार्जर शोधण्याची वेळ आली. वेकलॉक काढला की उशीर, ठेवला की बॅटरी. मिनिटाचे अंतर पाच मिनिटांवर नेऊन पाहिले, तेव्हा दोन्ही तक्रारी थोड्या कमी झाल्या, पण एकही मिटली नाही. ठरल्या वेळी अ‍ॅपला जागे करणाऱ्या `AlarmManager` कडे वळावे, तर `setExactAndAllowWhileIdle` सुद्धा डोझमध्ये एका अ‍ॅपला साधारण नऊ मिनिटांतून एकदाच जागे करते. थोडक्यात, फोन झोपलेला असताना वेळेवर विचारत राहणे हेच प्रणालीच्या रचनेविरुद्ध जाते, असे माझे मत झाले.

दुसऱ्या मांडणीत हा पेच उद्भवत नाही. पुश सेवेची जोडणी प्रणालीने सर्व अ‍ॅपसाठी मिळून आधीच धरलेली असते, त्यामुळे आपल्या अ‍ॅपला स्वतः जागे राहावे लागत नाही. नवे काम आले की सर्व्हर एफसीएमचा, म्हणजे गूगलच्या पुश सेवेचा, हाय प्रायॉरिटी संदेश पाठवतो आणि तो डोझमधल्या फोनलाही जागे करतो. लोकेशनची मागणी अशी:

```kotlin
val request = LocationRequest.Builder(
        Priority.PRIORITY_BALANCED_POWER_ACCURACY, 30_000L)
    .setMaxUpdateDelayMillis(300_000L)
    .build()
```

येथे नोंद दर 30 सेकंदांचीच मागितली आहे, पण ती अ‍ॅपच्या हाती पाच मिनिटांपर्यंत उशिरा, गठ्ठ्याने आली तरी चालेल, असे सांगितले आहे. हा गठ्ठा आला की सर्व्हरकडे एकच विनंती जाते. पाळीत 96 वेळा म्हणजे वरच्याच हिशेबाने 16 मिनिटे. एखादे काम नेमताना ताजे ठिकाण हवे असेल, तर पुश संदेश आल्यावर `flushLocations()` बोलावून साठलेल्या नोंदी लगेच मागवता येतात. गठ्ठा बांधणे प्रत्येक फोनला जमतेच असे नाही. तेथे नोंदी सुट्या येतात. म्हणून पाठवण्यापूर्वी त्या अ‍ॅपमध्येही साठवाव्यात, एवढी तरतूद मी केली. अचूकतेच्या बाबतीत हा पर्याय सुमारे शंभर मीटरपर्यंतचा आहे. कर्मचारी कोणत्या भागात आहे हे कळण्यास तो पुरतो, दाराशी पोहोचल्याची नोंद करण्यास नाही. ती नोंद हवी असेल, तर कर्मचारी हजेरीचे बटण दाबेल तेव्हाच एकदा पूर्ण अचूकता मागावी.

या मांडणीचे दोषही सांगितले पाहिजेत. वापरणाऱ्याने सेटिंग्जमधून अ‍ॅप सक्तीने बंद केले, तर पुश संदेश पोहोचत नाही. हाय प्रायॉरिटी संदेश आल्यावर दिसणारी सूचना दाखवली नाही, तर पुढील संदेशांची प्राथमिकता खाली आणली जाऊ शकते. म्हणून केवळ ‘लोकेशन पाठव’ असे गुपचूप सांगण्यासाठी तो वापरू नये. संदेशात जास्तीत जास्त 4096 बाइट मावतात, आणि तो कधी हरवूही शकतो. म्हणून मी संदेशाला दारावरच्या घंटेइतकेच महत्त्व देतो: घंटा वाजली की कामांची यादी सर्व्हरवरूनच आणायची. हरवलेल्या घंटेसाठी `WorkManager` चे एक आवर्ती काम ठेवले आहे. त्याचे किमान अंतर 15 मिनिटे आहे आणि डोझमध्ये ते आणखी पुढे ढकलले जाते, पण आधाराला तेवढे पुरते.

ज्यांच्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर गूगल प्ले सेवा नाहीत, किंवा ज्यांची वाहने नकाशावर क्षणाक्षणाला हलताना दिसलीच पाहिजेत आणि फोन गाडीतच चार्जरला लावलेला असतो, त्यांनी पहिली मांडणी ठेवण्यात काही गैर नाही. मात्र त्यांनीही नव्या कामाची विचारणा वेगळ्या टायमरवर ठेवू नये. लोकेशन पाठवण्याच्या विनंतीच्या उत्तरातच सर्व्हरने नवे काम कळवावे. वरच्या हिशेबातील 80 मिनिटे तेवढ्या एका बदलाने वाचतात. फोन खिशात घेऊन दिवसभर फिरणाऱ्या माणसासाठी मात्र मी आज पुन्हा निवड केली, तर पुश आणि गठ्ठ्याची मांडणीच घेईन.