फराळाची जाहिरात: घरपोच खर्च किमतीत धरावा, वेगळा लिहावा की ‘मोफत’ म्हणावा?

दिवाळीचा फराळ घरी करून विकणाऱ्यांकडे बहुतेक वेळा स्वतःचं संकेतस्थळ नसतं. इन्स्टाग्रामवर जाहिरात जाते, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरतो, मग ‘ताई, एक बॉक्स हवाय’ असा मेसेज येतो. पत्ता विचारला जातो आणि शेवटी एकूण रक्कम आणि क्यूआर कोड पाठवला जातो. गिऱ्हाईक गप्प होतं ते इथेच. जाहिरातीत १,२०० रुपये वाचलेले असतात आणि मेसेजमध्ये १,४४० दिसतात. २४० रुपये परवडत नाहीत असं नसतं. ते आधी का सांगितले नाहीत, हे मनाला लागतं.

मी अशा छोट्या उद्योगांच्या जाहिराती लिहिते. हा खर्च सांगायच्या तीन रीती चालतात आणि त्यांतली कुठली निवडावी, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यासाठी दोन किलो फराळाचा एक बॉक्स धरू. किंमत १,२०० रुपये, पुण्यातून पाठवायचा. पुढचे दर हिशेबासाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या कुरिअरचे घाला. एका बॉक्सला पुणे शहरात ६० रुपये, उर्वरित महाराष्ट्र आणि गोव्यात १३०, इतर राज्यांत २४०. दोन बॉक्स एकाच पार्सलमध्ये गेले तर अनुक्रमे ९०, २०० आणि ३९०.

हे दर ठरवतानाच पहिली चूक होते. दोन किलो फराळ, डबे आणि खोका मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर २.४ किलो भरतो, म्हणून अडीच किलोचा दर धरला जातो. पण कुरिअरवाले खोक्याने अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५,००० ने भागायचं. ३० × २५ × २० चा खोका म्हणजे १५,००० भागिले ५,०००, बरोबर तीन किलो. दोन्हींपैकी जे वजन जास्त, त्याचे पैसे लागतात. चिवडा आणि चकली हलकी पण फुगीर, त्यामुळे फराळात हे हमखास होतं. मग ऑर्डर घेतल्यावर ‘ताई, अजून चाळीस रुपये पाठवा ना’ असा मेसेज जातो. कुठल्याही रीतीत यापेक्षा वाईट काही नाही. तेव्हा आधी खोका ठरवा, टेपने मोजा, कुरिअरकडून त्या मापाचा दर घ्या आणि मगच जाहिरात लिहा.

आता तीन गिऱ्हाइकं घेऊ आणि प्रत्येक रीतीत त्यांना शेवटी किती आकडा दिसतो ते पाहू.

| रीत | पुणे, १ बॉक्स | नागपूर, १ बॉक्स | बेंगळुरू, २ बॉक्स |
|---|---|---|---|
| घरपोच धरून एकच किंमत, १,३२० | १,३२० | १,३२० | २,६४० |
| १,२०० आणि भागानुसार खर्च वेगळा | १,२६० | १,३३० | २,७९० |
| २,४०० च्या खरेदीपासून घरपोच मोफत | १,२६० | १,३३० | २,४०० |

एकच किंमत वाचायला सगळ्यांत सोपी. ‘₹१,३२० घरपोच’ एवढंच लिहायचं, शेवटी कुणालाही धक्का नाही. हा आकडा सरासरीतून येतो. शंभर बॉक्सपैकी पन्नास पुण्यात, पस्तीस उर्वरित महाराष्ट्र-गोव्यात आणि पंधरा बाहेर गेले, तर भाडं ११,१५० रुपये होतं, म्हणजे बॉक्समागे साधारण ११२. त्याचे १२० धरले.

पण जाहिरात कोण वाचतं यावर ती सरासरी टिकते. ‘कुठेही घरपोच १,३२०’ हे वाक्य दूरच्या माणसालाच जास्त ओढतं. बेंगळुरू किंवा इंदूरच्या मराठी ग्रुपवर फोटो पोचला आणि प्रमाण ३०-३०-४० झालं, की तेच भाडं १५,३०० होतं. तुम्ही जमवलेत १२,०००. म्हणजे ३,३०० रुपये खिशातून गेले आणि हे कळेपर्यंत लक्ष्मीपूजन येतं. दुसरी अडचण पुण्यातच आहे. कोथरूडचं गिऱ्हाईक म्हणतं, ‘मी येऊन घेऊन जाते, कमी करा.’ ते बरोबरच म्हणतं. म्हणून ही रीत घेतलीत तर ‘स्वतः येऊन नेल्यास ₹१,२००’ ही ओळ जाहिरातीतच हवी. मागणाऱ्याला सूट आणि न मागणाऱ्याला पूर्ण भाव, असं होऊ देऊ नका.

भागानुसार वेगळा खर्च लिहिला की जाहिरात थोडी रुक्ष होते, हे खरं. पण ज्याला जेवढं लागतं तेवढंच तो देतो आणि विकणाऱ्याला तोटा होत नाही. इथे खरी परीक्षा जागेची आहे. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातीत वरच्या मजकुराची साधारण १२५ अक्षरं दिसतात, बाकीचा मजकूर दाबून उघडावा लागतो. मराठीत काना, मात्रा आणि अनुस्वारही या मोजणीत वेगळे धरले जातात, त्यामुळे जागा वाटते त्याहून लवकर संपते. ‘आजीच्या हातची चव, साजूक तुपातला फराळ…’ यातच ती संपली तर खर्चाची ओळ कुणी वाचत नाही. हे मात्र मावतं:

‘२ किलो फराळ ₹१,२००. घरपोच: पुणे शहर ₹६०, महाराष्ट्र-गोवा ₹१३०, इतर राज्ये ₹२४०.’

आजीची चव पुढच्या ओळीत जाऊ द्या. तिथेही ती पोचते.

याच रीतीचं बिघडलेलं रूप म्हणजे ‘डिलिव्हरी चार्जेस एक्स्ट्रा’. आकडा नाही, नुसती सूचना. लिहिणाऱ्याला वाटतं आपण सांगितलं, वाचणाऱ्याला मात्र काहीच कळलेलं नसतं. सगळे दर लिहिणं शक्य नसेल तर निदान वरची मर्यादा द्या: ‘घरपोच ₹६० ते ₹२४०, पिनकोडप्रमाणे’. ‘₹६० पासून’ लिहू नका, कारण नागपूरकरही ६० च धरून चालतो.

मोफतची रीत सगळ्यांत मोहक आणि सगळ्यांत जास्त भांडणं लावणारी. फोटोवर मोठ्या अक्षरांत ‘मोफत घरपोच’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’ असेल, तर एक बॉक्स घेणाऱ्याला १३० रुपये दिसल्यावर तो फसवल्यासारखाच होतो. अट आणि ‘मोफत’ एकाच ओळीत, एकाच आकारात हवेत: ‘दोन बॉक्स घेतल्यास घरपोच मोफत’. रकमेपेक्षा बॉक्सची अट बरी, कारण रकमेच्या अटीत एक खड्डा आहे. समजा, नागपूरहून कुणी दोन बॉक्स आणि एक उटणं मिळून २,४५० ची खरेदी केली आणि जुन्या गिऱ्हाइकाची १०० रुपयांची सूट लावली. रक्कम २,३५० झाली आणि घरपोच खर्च परत आला. सूट घेतल्याने बिल वाढलं, हे कुणालाच पटत नाही. रकमेचीच अट ठेवायची तर ‘सूट धरण्यापूर्वीच्या रकमेवर’ असं लिहा आणि तसंच वागा.

तक्त्यात बेंगळुरूच्या दोन बॉक्सला २,४०० दिसतात, त्यात ३९० रुपये तुमचे जातात. फराळावरचा नफा तेवढा सोसत नसेल तर ‘महाराष्ट्र-गोव्यात’ हे शब्द त्याच ओळीत घाला.

माझं मत स्पष्ट आहे. तीन-चतुर्थांश गिऱ्हाईक एकाच शहरातलं असेल तर त्या शहरापुरती एकच किंमत लावा आणि बाहेरचा खर्च खाली वेगळा द्या. गिऱ्हाईक विखुरलेलं असेल तर भागानुसार लिहा. मोफतची रीत तेव्हाच घ्या, जेव्हा लोक एकाऐवजी दोन बॉक्स घेतील असा मागच्या दिवाळीचा वहीतला पुरावा तुमच्याकडे असेल.

उरले बाकीचे खर्च. पॅकिंगचे ४० रुपये वेगळे दाखवण्यात अर्थ नाही. खोक्याशिवाय फराळ जातच नाही, मग ते किमतीतच हवेत. जे प्रत्येकाला द्यावं लागतं ते किमतीत आणि जे गावानुसार बदलतं ते शेजारी, एवढी विभागणी पुरते. सामान हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय आणि त्याचे ५० रुपये ऐच्छिक असतात, म्हणून ते जाहिरातीत नसले तरी चालतात, असं बरेच जण मानतात. तुमच्या दहांतल्या सात ऑर्डरी तशाच येत असतील तर मला हे पटत नाही. त्या सात जणांसाठी तीच खरी किंमत आहे, तेव्हा एक ओळ द्याच. भेटकागदाचे पैसे मात्र मागितल्यावरच लावा, आधीच बिलात धरून ‘नको असेल तर सांगा’ म्हणू नका.

कायद्याचंही थोडं. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की एकूण किंमत एका आकड्यात द्यावी आणि सोबत घरपोच, हाताळणी आणि कर यांची फोड दाखवावी. डार्क पॅटर्न म्हणजे ऑनलाइन खरेदीत गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्या. त्यांविषयीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार दिले आहेत. किमतीचा काही भाग आधी न सांगता शेवटी उघड करणं आणि गिऱ्हाइकाला न विचारता बिलात वस्तू घालणं, हे दोन्ही त्यांत आहेत. ती तत्त्वं जाहिरातदार आणि विक्रेत्यांनाही लागू होतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासाही हवा. मराठी जाहिरातीखाली इंग्रजीत अटी छापण्याची सवय त्यामुळे सोडावी लागते.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. अमेरिकेतल्या स्टबहब या तिकीटविक्री संकेतस्थळावर मोठा प्रयोग झाला होता. शुल्क शेवटी दाखवलं तेव्हा लोकांनी सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. म्हणजे लपवल्याने त्या वेळी विक्री वाढू शकते. पण फराळ विकणाऱ्याला पुढच्या दिवाळीला त्याच घरांत जायचं असतं आणि ती घरं एकाच सोसायटीच्या ग्रुपवर असतात.

जाहिरात नीट लिहिली आहे का, हे आठवड्यात कळतं. किती जणांना एकूण रकमेचा मेसेज गेला आणि त्यांतल्या किती जणांनी पैसे भरले, हे गावानुसार वहीत लिहा. पुणेकर भरतात आणि नागपूरकर गप्प होतात, तर अडचण घरपोच खर्चात किंवा तो सांगण्यात आहे. दोघंही गप्प होत असतील तर फराळाच्या किमतीकडे बघा. ‘घरपोच किती?’ असे प्रश्न येतच राहिले तर ती ओळ कुणाला दिसत नाही, आकडे कितीही बरोबर असोत.

त्याचं नेहमीचं कारण असं, की खर्च फोटोखालच्या मजकुरात असतो आणि फोटो पुढे जाताना तो मजकूर बऱ्याचदा मागेच राहतो. म्हणून किंमत, घरपोचचे तीन आकडे आणि ‘हे दर धनत्रयोदशीपर्यंत’ ही ओळ फोटोवरच छापा. तारीख नसलेला मागच्या वर्षीचा फोटो कुणीतरी पुन्हा फिरवतोच आणि मग ९० रुपयांच्या जुन्या दराने बॉक्स मागणारा माणूस चूक नसतो.