भाड्याचा क्लाउड सर्व्हर की सबस्क्रिप्शनची हिशेबप्रणाली? लेखापरीक्षकाच्या बाजूने तुलना

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, आणि त्यानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातले माझे बरेचसे क्लायंट हिशेब क्लाउडवर नेण्याचा विचार गांभीर्याने करू लागले. काजू प्रक्रिया, आंब्याचा पल्प, मासळीची निर्यात अशा व्यवसायांतल्या या खासगी मर्यादित कंपन्यांपुढे सहसा दोन पर्याय असतात. पहिल्या पर्यायात संगणकावर चालणारे नेहमीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर बसवतात आणि रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरून काम करतात. दुसऱ्या पर्यायात ब्राउझरमधून उघडणारी प्रणाली वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर घेतात आणि सर्व्हर, डेटाबेस, अपडेट हे सगळे पुरवठादाराकडे राहते. दर आणि सोय यांची तुलना विक्रेते करून देतातच. वर्षअखेरीस लेखापरीक्षण होईल तेव्हा या दोहोंपैकी कशातून कोणता पुरावा हाती लागेल, एवढ्याच बाजूने येथे पाहिले आहे.

कायद्याची चौकट दोन्हींना सारखीच लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीने वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराची आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, आणि ही नोंदव्यवस्था बंद करता येता कामा नये. ती वर्षभर सर्व व्यवहारांसाठी चालू होती का, तिच्यात ढवळाढवळ झाली का आणि ती जपून ठेवली आहे का, हे लेखापरीक्षकाला नियम ११(जी) खाली अहवालात लिहावे लागते. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपायची असतात आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा असतो. भागीदारी संस्था किंवा एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर कंपनी कायद्याचे हे नियम लागू होत नाहीत.

जबाबदारीची रेषा कोठे पडते

क्लाउड पुरवठादार जबाबदारी वाटून घेतो, पण वाटणीची रेषा दोन्ही पर्यायांत निरनिराळ्या ठिकाणी पडते. भाड्याच्या सर्व्हरमध्ये इमारत, वीज, यंत्रे आणि आभासी सर्व्हर तयार करणारा थर पुरवठादार सांभाळतो. त्यावरची विंडोज, तिचे अपडेट, वापरकर्ते, हिशेबाचे सॉफ्टवेअर, डेटाचे फोल्डर आणि बॅकअप हे सारे ग्राहकाच्या अंगावर असते. व्यवहारात मात्र या दोघांच्या मध्ये सर्व्हर लावून देणारा एक तिसरा माणूस असतो. बहुतेक वेळा तो गावातला किंवा जवळच्या शहरातला सॉफ्टवेअर डीलर असतो आणि अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. त्याच्याशी लेखी करार क्वचितच आढळतो. अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की सर्व्हरचे खाते कोणाच्या ईमेलवर उघडलेले आहे. ते डीलरच्या ईमेलवर असेल, तर कंपनीच्या पुस्तकांची किल्ली कंपनीकडे नाही असे समजावे.

सबस्क्रिप्शनमध्ये रेषा बरीच वर सरकते. ग्राहकाकडे वापरकर्ते, त्यांचे अधिकार, मंजुरीचे नियम आणि बाहेरच्या अॅपना दिलेली जोडणी एवढेच उरते. पण त्याबरोबर एक अडचण येते: पुरवठादाराच्या अभियंत्याने डेटाबेसमध्ये थेट हात घातला, तर तो ग्राहकाला दिसत नाही आणि लेखापरीक्षकालाही दिसत नाही. त्यासाठी पुरवठादाराच्या नियंत्रणांवर स्वतंत्र लेखापरीक्षकाने दिलेला एसओसी १ टाइप २ अहवाल मागावा लागतो. टाइप १ अहवाल एका दिवसाचे चित्र देतो, तर टाइप २ ठरावीक काळात नियंत्रणे खरोखर चालली का हे तपासून सांगतो. त्यात मी तीन जागा वाचतो: डेटाबेस पातळीवरचे बदल तपासात घेतले आहेत का, अहवालाचा काळ कोणता, आणि ग्राहकाने स्वतः पाळावयाच्या नियंत्रणांची यादी कोणती. काळाचा मुद्दा आपल्याकडे विशेष बोचतो. अहवाल ३१ डिसेंबरला संपत असेल, तर जानेवारी ते मार्च हा तुकडा उघडा राहतो, आणि ओली-सुकी काजू बी बाजारात यायला लागते ती नेमकी त्याच काळात. त्या तीन महिन्यांसाठी पुरवठादार जे पत्र देतो ते त्याच्या व्यवस्थापनाचे म्हणणे असते. त्याची तपासणी झालेली नसते.

सेटिंगमधला खरा फरक

सेटिंगची यादी लांबवता येईल, पण निर्णय फिरवणाऱ्या गोष्टी माझ्या मते दोनच आहेत. एक म्हणजे घड्याळ. भाड्याच्या सर्व्हरवर अॅडमिनिस्ट्रेटर विंडोजचे घड्याळ मागे नेऊ शकतो, आणि सॉफ्टवेअर वेळ तेथूनच घेत असेल तर बदलांच्या नोंदीतही मागची तारीख पडते. विंडोजच्या सुरक्षा लॉगमध्ये हा बदल 4616 या क्रमांकाने उमटतो, अर्थात तो लॉग शिल्लक असेल तर. सबस्क्रिप्शनमध्ये घड्याळ ग्राहकाच्या हातातच नसते.

दुसरी गोष्ट जुना बॅकअप परत बसवण्याची. बदलांची नोंद डेटाच्या फोल्डरमध्येच राहत असेल, तर १० तारखेचा बॅकअप २५ तारखेला परत बसवल्यावर मधल्या पंधरा दिवसांचे व्हाउचर आणि त्यांची नोंद दोन्ही एकदम नाहीशी होतात. उरलेला लॉग मात्र पाहणाऱ्याला अखंड वाटतो. हे ओळखण्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो. भरलेल्या जीएसटीआर-१ मधले बिल क्रमांक पुस्तकात नसणे किंवा दर महिन्याला वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीशी आकडे न जुळणे ही त्याची चिन्हे आहेत. क्लाउडच्या थराचा लॉगही येथे उपयोगी पडतो. अॅमेझॉनच्या सेवेवर डिस्कची जुनी प्रत वापरून नवी डिस्क केली आणि सर्व्हरला जोडली, तर क्लाउडट्रेल या तिथल्या लॉगमध्ये `CreateVolume` आणि `AttachVolume` अशा नोंदी पडतात. पण वेगळी सोय केलेली नसेल तर तेथला इतिहास ९० दिवसच पाहता येतो, आणि विंडोजच्या आत फोल्डरवर फोल्डर चिकटवले तर ते क्लाउडट्रेलला कळतही नाही.

लॉग वाचताना : एक उदाहरण

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका काजू प्रक्रिया कंपनीचे २०२३-२४ चे लेखापरीक्षण मी केले. प्रणाली सबस्क्रिप्शनची होती, आणि एक लाखावरच्या खरेदीचे बिल एकाने भरायचे व दुसऱ्याने मंजूर करायचे असे सेटिंग होते. वर्ष उलटल्यावर भरलेल्या पण मार्चच्या तारखेच्या नोंदी शोधण्यासाठी माझ्या सहायकाने लॉग उतरवून घेतला आणि १ एप्रिलपासून पुढच्या ओळी गाळून काढल्या. त्यात संशयास्पद काही निघाले नाही. मी मूळ फाइल पाहिली, तेव्हा त्यात या दोन ओळी होत्या:

```
2024-03-31T20:52:14Z bill.create  PB-0412 accounts2
2024-03-31T20:56:31Z bill.approve PB-0412 accounts1
```

वेळेच्या शेवटी असलेले Z हे अक्षर वेळ यूटीसीमध्ये असल्याचे सांगते. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणजे हे बिल प्रत्यक्षात १ एप्रिलच्या पहाटे २ वाजून २२ मिनिटांनी भरले गेले होते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच एवढा काळ लॉगमध्ये आदल्या तारखेला जातो, आणि सहायकाच्या चाळणीतून नेमका तोच निसटला होता. त्या रात्री अशी तीन बिले होती. मिळून १२० पोती, ९,६०० किलो काजू बी, किलोला ११० रुपयांप्रमाणे १०,५६,००० रुपये.

पुढचा धागा नावांचा. accounts2 हे लॉगिन हंगामापुरत्या घेतलेल्या मुलाचे होते, आणि हजेरीपटानुसार त्याने १५ मार्चला काम सोडले होते. भरणाऱ्याचा आणि मंजूर करणाऱ्याचा आयपी पत्ता एकच होता. कार्यालयात सगळे एकाच जोडणीवर असतात, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण हा पत्ता कार्यालयाचा नव्हता. विचारल्यावर लेखापाल बाईंनी सरळ सांगितले, की वर्षअखेरची कामे आटोपण्यासाठी त्या रात्री घरून बसल्या होत्या आणि दुसरे कोणी नसल्याने त्यांनी त्या मुलाच्या पासवर्डने बिले भरून स्वतःच्या लॉगिनने मंजूर केली. पैसे कोणी खाल्ले नव्हते. पण गेटच्या रजिस्टरप्रमाणे माल ३ एप्रिलला आला होता आणि ३१ मार्चच्या संध्याकाळच्या साठामोजणीत ती पोती नव्हती. म्हणजे खरेदी वर्षात धरली गेली, साठा धरला गेला नाही, आणि नफा १०,५६,००० रुपयांनी कमी दिसत होता. व्यापाऱ्याशी ठरलेल्या अटींप्रमाणे मालकी माल उतरल्यावर येत असल्याने आम्ही ती खरेदी पुढच्या वर्षात नेली. मालकी गाडी सुटतानाच आली असती, तर तोच माल वाटेतला साठा म्हणून दाखवावा लागला असता.

हेच भाड्याच्या सर्व्हरवर घडले असते तर काय हाती लागले असते? सॉफ्टवेअरच्या बदलनोंदीत बिल दिसले असते. कोण कोठून शिरले हे मात्र विंडोजच्या लॉगमध्ये शोधावे लागले असते, आणि रिमोट डेस्कटॉपने झालेला प्रवेश तेथे 4624 या क्रमांकाने, लॉगऑन प्रकार 10 असा दिसतो. त्या लॉगचा आकार ठरलेला असतो आणि भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल, तर पासवर्ड चाचपणाऱ्या अनोळखी प्रयत्नांच्या 4625 नोंदींनीच तो भराभर भरतो. मी जुलै-ऑगस्टमध्ये पोचेपर्यंत मार्चची रात्र त्यात उरलेली नसते. सगळेच ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून शिरत असतील, तर उरली असती तरी माणूस कळला नसता.

म्हणून ज्या कंपनीत संगणक सांभाळणारा स्वतःचा माणूस नाही, तिने सबस्क्रिप्शन घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी पुरवठादाराकडून तीन उत्तरे लेखी घ्यावीत: एसओसी १ टाइप २ अहवाल कोणत्या काळाचा मिळेल, लॉग किती दिवस राहतो आणि फाइल म्हणून उतरवता येतो का, आणि सबस्क्रिप्शन थांबल्यावर डेटा व लॉग किती दिवसांत पुसले जातात. शेवटचे उत्तर काही महिने असे आले, तर आठ वर्षांची जबाबदारी आपलीच उरते हे ध्यानात ठेवून दर महिन्याचा लॉग उतरवून ठेवावा लागेल.

काजूच्या प्रतवारीचा साठा, बीपासून गरापर्यंतच्या उताऱ्याचे खास अहवाल अशा कारणांनी जुने सॉफ्टवेअर सोडता येत नसेल, तर भाड्याचा सर्व्हर चालेल. त्यासाठी सर्व्हरचे खाते कंपनीच्या ईमेलवर हवे, प्रत्येकाला वेगळे लॉगिन हवे, हिशेब लिहिणाऱ्याकडे अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नकोत, आणि विंडोजचा सुरक्षा लॉग रोज त्या सर्व्हरबाहेर, डीलरला पुसता येणार नाही अशा जागी जायला हवा. ही व्यवस्था १ एप्रिलला चालू झालेली हवी. ऑक्टोबरमध्ये चालू केली, तर पहिल्या सहा महिन्यांतल्या प्रवेशाचा पुरावा मला कोणत्याही फाइलमधून मिळणार नाही आणि अहवालात तसे लिहावे लागेल.