समोरचा फोटो की पाठीचा? जुन्या मॉड्युलर बोर्डाला जुळणारा पीस शोधताना

बोर्ड चांगला आहे, एकच सॉकेट सैल झालाय आणि तेवढाच बदलायचाय. मग पहिला प्रश्न येतो, ही सीरिज कोणती? ती ओळखायचे दोन मार्ग मी वापरलेत. एक, भिंतीवरच्या प्लेटचा समोरून फोटो काढून दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवणे किंवा इमेज सर्चमध्ये टाकणे. दुसरा, प्लेट उतरवून मॉड्यूलच्या, म्हणजे फ्रेममध्ये बसणाऱ्या बटण किंवा सॉकेटच्या सुट्या पीसच्या, पाठीचा फोटो काढणे.

समोरच्या फोटोला मी नावं ठेवणार नाही. पाच मिनिटांत काम होतं, कशाला हात लावावा लागत नाही, आणि सीरिज अजून दुकानात सर्रास मिळत असेल तर दुकानदार बघताक्षणी ओळखतो. फोटो मात्र प्लेटच्या अगदी समोरून, फ्लॅश बंद करून काढावा आणि शेजारी पट्टी धरावी. तिरप्या फोटोत प्लेटच्या कडेची गोलाई बदललेली दिसते, आणि दुकानदार नेमकी तीच बघतो. त्याखेरीज बटणावरची खूण (ठिपका, रेघ की इंडिकेटर) आणि सॉकेटच्या भोकांमागचं शटर स्पष्ट दिसू द्यावं.

पण माझा कल पाठीकडे झुकला तो एका त्रासामुळे. आमच्या हॉलमधली प्लेट 8 मॉड्यूलची, म्हणजे आठ बटणांइतक्या जागेची आहे: चार बटणं, दोन मॉड्यूलचा रेग्युलेटर आणि दोन मॉड्यूलचा 6 अँपिअरचा सॉकेट. समोरच्या फोटोवरून आलेला सॉकेट दिसायला हुबेहूब होता. फ्रेममध्ये बसलाही. पण त्याच्या बाजूच्या खाचा आमच्या फ्रेमच्या दातात पूर्ण अडकत नव्हत्या. चार्जर लावायला गेलं की सॉकेट थोडा आत सरकायचा आणि काढताना पिनेबरोबर बाहेर यायचा. हे नुसतं डोळ्याला खुपणारं नाही. दर खेचण्याला मागच्या वायरी हलतात, टर्मिनलचा स्क्रू सैल होतो, आणि सैल जोड तापतो. समोरून घेतलेल्या कुठल्याच फोटोत ही खाच दिसत नाही.

एकाच कंपनीचं नाव वाचून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. लेग्रँडचंच घ्या, मायरियस, मायलिंक, आर्टिऑर अशा तिच्या वेगवेगळ्या सीरिज आहेत. ‘लेग्रँडचा पांढरा सॉकेट द्या’ म्हणून भागत नाही.

पाठीचा मार्ग जरा कटकटीचा आहे, हे मान्य. मेन पाडायचा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा, कारण मेन पाडल्यावरही त्याची लाइन बोर्डात जिवंत राहू शकते. टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे जमणारं नसेल तर सरळ वायरमनला बोलवावं. वरची प्लेट बहुधा कडेच्या छोट्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच उचकटली की निघते. आतली फ्रेम स्क्रूंवर असते. ती पुढे ओढली की मॉड्यूलची पाठ दिसते.

तिथे कंपनीचं नाव, अँपिअर, आयएसआयची खूण आणि सीएम/एल क्रमांक सापडतो. काहींवर मालाचा कोडही असतो. नाव पुसट असेल तर हा क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून परवाना कोणाचा आहे ते बघता येतं. त्यावरून उत्पादक कळतो, सीरिज नाही. सीरिजसाठी मग उतरवलेल्या प्लेटची आतली बाजू बघावी, कधीकधी तिथे नाव उठवलेलं असतं. फोटो तीन हवेत: पाठीचा, बाजूच्या खाचेचा आणि रिकाम्या फ्रेमच्या दाताचा. त्याहून चांगलं म्हणजे बिघडलेला पीसच खिशात घालून पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात जाणं. वायरींची टोकं मात्र आधी वेगवेगळी टेप लावून झाकून ठेवावीत. कुठली कुठे होती त्याचाही फोटो घ्यावा.

तरीही, तुमची सीरिज चालू असेल, प्लेटवर नाव वाचता येत असेल आणि फक्त एखादं बटण हवं असेल, तर समोरचा फोटो पुरेल असं मला वाटतं. सॉकेटच्या बाबतीत मी तरी पाठ बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

रंगाचा प्रश्न दोन्हीकडे उरतोच. जुना पांढरा पिवळसर झालेला असतो आणि नवा पीस त्यात उठून दिसतो. त्यावर सोपा उपाय आहे: त्याच सीरिजचा सॉकेट फ्रिजमागे किंवा कपाटाआड असेल तर तो हॉलमध्ये आणायचा आणि नवा तिकडे लावायचा. सीरिजच बंद पडली असेल तर एका पीससाठी गावभर हिंडण्यापेक्षा त्या एका बोर्डाची प्लेट, फ्रेम आणि सगळे मॉड्यूल नवे घ्यावेत. मात्र भिंतीतला डबा तोच ठेवायचा असेल, तर नव्या फ्रेमची स्क्रूची भोकं त्यावर जुळतात का ते दुकानातच मोजून घ्यावं. काढलेली चार चांगली बटणं घरातल्या बाकीच्या बोर्डांसाठी जपून ठेवावीत.