एका ओळीत किती बाइट? काही महिन्यांच्या वापरानंतर HxD

HxD हा मोफत हेक्स एडिटर मी गेले काही महिने मुख्यतः एकाच कामासाठी वापरतो आहे. एका लहानशा खेळातील वस्तूंची यादी `items.dat` या फाइलमध्ये आहे आणि तिच्या रचनेची माहिती कुठेही लिहिलेली नाही. एडिटरची वैशिष्ट्ये वाचकांना ठाऊक असतील, म्हणून ती पुन्हा सांगत बसत नाही. टूलबारवर एका ओळीत किती बाइट दाखवायचे हे ठरवणारा जो छोटा चौकोन असतो आणि ज्यात १६ हा आकडा बहुतेक जण कायमचा राहू देतात, त्याविषयीच मला सविस्तर लिहायचे आहे.

सुरुवात नेहमीप्रमाणे मजकुरापासून केली. फाइलच्या शेवटच्या भागात वस्तूंची नावे सरळ वाचता येत होती.

```
0A 49 72 6F 6E 20 53 77 6F 72 64   .Iron Sword
06 50 6F 74 69 6F 6E               .Potion
```

दोन नावांमध्ये `00` नाही, म्हणजे नाव शून्याने संपत नाही. `0A` पाहून आधी नव्या ओळीची खूण असावी असे वाटते, पण पुढच्या नावाआधी `06` आहे. Iron Sword मध्ये १० अक्षरे आणि Potion मध्ये ६, तेव्हा हा बाइट म्हणजे नावाची लांबी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाव ३३ अक्षरांचे असेल तर लांबीचा बाइट `21` होतो आणि उजवीकडच्या मजकुरात तो उद्गारचिन्ह म्हणून उमटतो, त्यामुळे ते चिन्ह नावाचाच भाग आहे असे वाटू शकते.

यानंतर खेळात दिसणाऱ्या किमती शोधल्या. तलवारीची किंमत १५० आहे, म्हणजे लहान बाइट आधी या क्रमाने `96 00 00 00`, आणि ती `0x10` वर सापडली. औषधाची २५, म्हणजे `19 00 00 00`, ती `0x24` वर. दोहोंतील अंतर `0x14`, म्हणजे २० बाइट. त्या चौकोनात २० लिहून एंटर दाबले आणि तोवर विस्कळीत दिसणारे आकडे उभ्या रकान्यांत सरळ उभे राहिले. या एका क्षणासाठी मी या एडिटरला पूर्ण गुण देतो. फाइलच्या आरंभी १२ बाइटांचे शीर्ष असल्यामुळे प्रत्येक नोंद ओळीच्या मध्येच सुरू होत होती, म्हणून नोंदींचा भाग नव्या फाइलमध्ये उतरवून घेतला.

```
00 00 00 00 96 00 00 00 00 00 C0 3F 0C 00 01 00 00 00 00 00
0B 00 00 00 19 00 00 00 00 00 80 3E 00 00 03 00 00 00 00 00
12 00 00 00 58 02 00 00 00 00 40 40 05 00 02 00 00 00 00 00
```

पहिला रकाना वरून खाली वाचला की ०, ११, १८ असे आकडे मिळतात. पहिल्या नावाने लांबीच्या बाइटासह ११ जागा घेतल्या आणि दुसऱ्याने ७, म्हणजे नावांच्या तक्त्यात ते नाव कुठे सुरू होते याचा हा पत्ता आहे. शीर्षातील `28 00 00 00` म्हणजे ४० नोंदी आणि `2C 03 00 00` म्हणजे ८१२. १२ अधिक ४० गुणिले २० बरोबर ८१२, आणि नावे तेथूनच सुरू होतात. असा हिशेब जुळला की रचनेविषयी शंका उरत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत मी डेटा इन्स्पेक्टरला या एडिटरचे सर्वांत उपयुक्त अंग मानत असे. आता तो मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. तिसऱ्या रकान्यातील `00 00 C0 3F` पूर्णांक म्हणून वाचले तर १०६९५४७५२० येते, दशांश संख्या म्हणून वाचले तर १.५, म्हणजे वस्तूचे वजन. हे इन्स्पेक्टर लगेच दाखवतो, परंतु शेवटी `3E`, `3F` किंवा `40` असलेला रकाना ओळखायला आधी रकाने दिसावे लागतात, आणि ते ओळीची रुंदी बसवल्याशिवाय दिसत नाहीत.

बदल करताना मात्र सावध राहावे. किंमत बदलायची तर त्याच जागी नवे बाइट टंकावेत. नाव लांब करायचे तर लांबीचा बाइट आणि पुढील सर्व नोंदींतील पत्ते दोन्ही वाढवावे लागतात. `Ctrl+V` बाइट मध्ये घुसवून पुढचे सारे सरकवते, तर `Ctrl+B` असलेल्या बाइटांवर लिहिते. फाइलचा आकार बदलणार असेल तर एडिटर आधी विचारतो, आणि ती विचारणा बंद करू नये. एक चाचणी उपयोगी पडली: मधल्या एका नावाची लांबी दोनने कमी करून खेळ चालवला. पुढची नावे शाबूत राहिली, यावरून खेळ नावे ओळीने न वाचता पत्त्यानेच शोधतो हे कळले.

ज्या फाइलमध्ये नोंदींची लांबीच बदलती असते तेथे ही युक्ती चालत नाही. नावांचा तक्ता २० च्या रुंदीत पाहिला तर त्यात काहीच जुळत नाही. तशा फाइलसाठी रचना लिहून देण्याची सोय असलेला एडिटर हवा, आणि ती सोय ImHex मध्येही विनामूल्य असल्याने केवळ त्यासाठी पैसे खर्चण्याची मला अजून गरज वाटलेली नाही.