एकाच अर्कातून क्लोरोफिल ‘अ’ आणि ‘ब’: दोन तरंगलांबींच्या पद्धतीचा आठ महिन्यांचा अनुभव

द्राक्षाच्या मांडवावर उघड्या उन्हात असलेली पाने आणि मांडवाखाली सावलीत राहिलेली पाने यांच्यातील क्लोरोफिल ‘अ’ व ‘ब’चे प्रमाण तपासण्यासाठी जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत मी ही पद्धत आमच्या प्रयोगशाळेत सातत्याने वापरली. सावलीतल्या पानांत ‘ब’चा वाटा वाढतो आणि ‘अ’ ला ‘ब’ने भागून येणारे गुणोत्तर कमी होते, हे वनस्पतिशास्त्रात सर्वमान्य आहे. आम्हाला हाच फरक मोजायचा होता, म्हणून या पद्धतीचे गुण आणि खोडी दोन्ही मी याच गुणोत्तराच्या बाजूने तपासले आहेत.

पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. दोन्ही रंगद्रव्ये एकाच द्रावणात असतात, दोन्ही तांबडा प्रकाश शोषतात आणि त्यांचे शोषणपट्ट एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे कोणत्याही एका तरंगलांबीवर मिळणारे शोषणमान एकट्या ‘अ’चे किंवा एकट्या ‘ब’चे नसते. मात्र ही शोषणमाने एकमेकांत साधी मिळवली जातात. म्हणून एक मोजमाप ‘अ’च्या शिखरावर आणि दुसरे ‘ब’च्या शिखरावर घेतले की दोन अज्ञातांची दोन समीकरणे तयार होतात. अर्नन यांची १९४९ सालची समीकरणे (६६३ आणि ६४५ नॅनोमीटर) अजूनही अनेक ठिकाणी वापरात आहेत. ती मॅकिनी यांच्या १९४१ सालच्या गुणांकांवर उभी आहेत. त्या गुणांकांवरून मी समीकरणे स्वतः सोडवून पाहिली, तेव्हा ‘अ’च्या समीकरणातील दुसरा गुणक २.५९ आला, छापील सूत्रात मात्र तो २.६९ असा आढळतो. याहून मोठी अडचण अशी की, या जुन्या सूत्रांनी ‘ब’ जास्त आणि गुणोत्तर कमी येते. म्हणून आम्ही पोरा, थॉम्प्सन आणि क्रीडेमन यांची १९८९ सालची समीकरणे घेतली. त्यांनी आपल्या प्रमाण द्रावणांतील क्लोरोफिलचे प्रमाण रेणूतील मॅग्नेशियम मोजून पडताळले होते. बफरयुक्त ८० टक्के ॲसिटोनसाठी ती अशी आहेत (उत्तर मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये):

```
Chl a   = 12.25*A663.6 - 2.55*A646.6
Chl b   = 20.31*A646.6 - 4.91*A663.6
Chl a+b = 17.76*A646.6 + 7.34*A663.6
```

ही सूत्रे फक्त याच द्रावकासाठी आहेत. मिथेनॉल किंवा अन्य द्रावक घेतल्यास गुणक बदलतात.

सूत्रांकडे नीट पाहिले की पद्धतीची कमकुवत बाजू लगेच दिसते. ‘अ’ काढताना मोठ्या संख्येतून छोटी संख्या वजा होते, त्यामुळे ते उत्तर स्थिर राहते. ‘ब’ काढताना मात्र वजा होणारी संख्या मूळ संख्येच्या निम्म्याहून अधिक असते, आणि ६४६.६ वरची प्रत्येक लहान चूक वीसपट होऊन ‘ब’च्या उत्तरात उतरते. याचा प्रत्यय आम्हाला पहिल्याच महिन्यात आला. भर उन्हातल्या काही पानांचे गुणोत्तर सुमारे २.५ आले आणि ती पाने सावलीतली असावीत, नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी, असे आम्हाला वाटले. त्यांपैकी एका नळीचे आकडे असे होते: ६६३.६ वर ०.७६६ आणि ६४६.६ वर ०.३५२. यावरून ‘अ’ ८.४९, ‘ब’ ३.३९ आणि गुणोत्तर २.५० येते. नंतर तीच नळी ७५० नॅनोमीटरवर वाचली, तेव्हा ०.०३० शोषणमान मिळाले. ७५० वर क्लोरोफिल जवळजवळ काहीच शोषत नाही, म्हणजे हे सारे पानाच्या बारीक कणांमुळे विखुरलेल्या प्रकाशाचे होते. दोन्ही वाचनांतून ०.०३० वजा केल्यावर ‘अ’ ८.१९, ‘ब’ २.९३ आणि गुणोत्तर २.८० झाले. गढूळपणाने ‘अ’ साडेतीन टक्क्यांनी फुगवले होते, ‘ब’ मात्र जवळपास सोळा टक्क्यांनी. म्हणजे नीट न बसलेला गाळ हुबेहूब सावलीच्या परिणामासारखा दिसतो, आणि उत्तर अशक्य कोटीतले नसल्यामुळे शंकाही येत नाही.

त्यानंतर प्रत्येक नळी ७५० वर वाचणे आम्ही सक्तीचे केले. तरी नुसती वजाबाकी पुरेशी नाही, कारण कमी तरंगलांबीला प्रकाश अधिक विखुरतो आणि ६४६.६ वरचा गढूळपणा ७५० पेक्षा थोडा जास्तच असतो. म्हणून ७५० वर ०.०१० पेक्षा जास्त आले, तर आम्ही आकडा दुरुस्त करत बसत नाही, नळी पुन्हा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो.

दुसरी खोड यंत्राच्या तरंगलांबीची निघाली. एकदा आम्ही अर्काचा ६०० ते ७५० पर्यंतचा पूर्ण आलेख काढला, तेव्हा तांबडे शिखर ६६३.६ ऐवजी ६६५ वर दिसले. यंत्रातील ड्युटेरियम दिव्याची ६५६.१ नॅनोमीटरची रेषा तपासली, तर तीही साधारण तेवढीच पुढे सरकलेली होती. शिखराचा माथा बऱ्यापैकी सपाट असल्याने तिथे दीड नॅनोमीटरने फारसे बिघडत नाही, परंतु ६४६.६ वर ‘अ’चा आलेख चढणीवर असतो, त्यामुळे ‘अ’चा तिथला वाटा चुकतो आणि ती चूकही ‘ब’च्याच खात्यात जमा होते. आता यंत्र सुरू केल्यावर आधी ही रेषा पाहतो. ज्या साध्या कलरीमीटरमध्ये फिल्टरमधून रुंद पट्टा जातो, त्यावर ही सूत्रे वापरण्यात मला अर्थ दिसत नाही.

रसायनाच्या बाजूने द्राक्षाचे पान त्रासदायक आहे, कारण त्याचा रस आम्लधर्मी असतो. आम्लामुळे क्लोरोफिलमधील मॅग्नेशियम निघून जाते आणि फिओफायटिन बनते. या तिसऱ्या घटकाला दोन समीकरणांत जागाच नाही. अर्काचा हिरवा रंग तपकिरीकडे झुकला आणि ४३५ वरचे शोषणमान ४१५ च्या तुलनेत घसरले, तर हाच प्रकार समजावा. फॉस्फेट बफरने द्रावकाचा पीएच ७.८ ठेवल्यापासून, आणि कुटण्यापासून मोजण्यापर्यंतचे काम अंधारात, बर्फावर उरकू लागल्यापासून हे थांबले. (प्लॅस्टिकचे स्वस्त क्युव्हेट ॲसिटोनने धुरकट होतात, हा धडा आम्ही एका दुपारच्या बदल्यात शिकलो. काचेचेच, झाकणासह वापरावेत.)

वरच्या नमुन्यात ०.१५ ग्रॅम ताजे पान आणि २५ मिलिलिटर अर्क होता. एकूण ११.१२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे दर ग्रॅम ताज्या पानात सुमारे १.८५ मिलिग्रॅम क्लोरोफिल. एवढ्या रंगाच्या अर्कासाठी पद्धत स्वस्त, वेगवान आणि पुरेशी अचूक आहे.

पिवळ्या पडत चाललेल्या पानांच्या बाबतीत मात्र माझा विश्वास उडाला. ‘अ’ साधारण १ आणि ‘ब’ ०.३५ अशी पातळी असेल, तर ६४६.६ वर केवळ ०.००५ ची चूक ‘ब’मध्ये ०.१० ची भर घालते, म्हणजे जवळजवळ तीस टक्क्यांची. तीच चूक एकूण क्लोरोफिलमध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास राहते, कारण तिसऱ्या सूत्रात वजाबाकी नाही, दोन्ही पदे मिळवली जातात. त्यामुळे फेब्रुवारीतल्या पानझडीच्या नमुन्यांचे एकूण क्लोरोफिल आम्ही तक्त्यात दिले आहे आणि गुणोत्तराचा रकाना कोरा ठेवला आहे.